साउंडबार का उठत नाही

“पीएस५ चालू केला की टीव्ही सुरू होतो, पण साउंडबार रिमोटनेच लावावा लागतो. असं का?”

म्हापशाला भावाकडे हेच व्हायचं. साउंडबार ऑप्टिकल केबलवर होता. त्या केबलमधून फक्त आवाज जातो. उठवण्याचा निरोप एचडीएमआयच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून, म्हणजे सीईसीच्या तारेने जातो. कन्सोल टीव्हीला जागं करतो आणि मग टीव्हीच साउंडबारला आवाज हाती घ्यायला सांगतो. म्हणून साउंडबार टीव्हीच्या ARC लिहिलेल्या पोर्टलाच जोडा. तुमच्या पीएस५मधलं Enable HDMI Device Link चालू असणारच, टीव्ही उठतोय ना! साउंडबारच्या सेटिंगमध्येही सीईसी चालू आहे का बघा. आणि हो, पावसात विजा कडाडल्या की आपण भिंतीवरचं बटण बंद करतो. तसं असेल तर स्टँडबायची वीजच नसते, निरोप पोचत नाही.