मदत हवी आहे: 'अगदी वेळेवर आलात हो!' यातला टोमणा कानाने कसा ओळखायला शिकवावा?

नमस्कार मंडळी. पणजीत मराठी शिकणाऱ्या प्रौढांसाठी टोमणा ऐकून ओळखण्याचा सराव तयार करते आहे. अर्धा तास उशिरा आलेल्याला 'अगदी वेळेवर आलात हो!' म्हटलं, तर नवशिके ते खरं मानतात. सगळं लक्ष शब्द लावण्यात जातं, सुरासाठी उरतच नाही. शिवाय प्रत्येक जण आपल्या भाषेतली खूण शोधतो. इंग्रजीत उपहासाचा आवाज बहुधा खाली उतरतो, कँटोनीजमध्ये तो वर चढल्याचं आढळलंय. म्हणून 'आवाज खाली गेला की टोमणा' हा नियम मला धोक्याचा वाटतो.

टोमण्यात 'अगदीऽ' लांबतं आणि शेवटचा 'होऽ' ओढला जातो. पण लहान मुलाचं कौतुक करतानाही आपण असंच लांबवतो, आणि खरी गफलत तिथेच होते.

पेडणे, डिचोली, फोंडा, काणकोण, कुठलेही असा, हे एकच वाक्य तीनदा रेकॉर्ड करून पाठवाल का? एकदा मनापासून, एकदा टोमणा म्हणून, एकदा मुलाच्या कौतुकाने. शब्द बदलू नका, पुढेमागे काही जोडू नका. नाहीतर संदर्भावरूनच उत्तर कळतं. आणि शेवटच्या दोन्हींतला फरक तुम्हाला नेमका कुठे ऐकू येतो, तेही लिहा.