एआयला खात्रीचा टक्का विचारून उपयोग आहे का?

पेठकर: तालमीच्या वर्धापनदिनाची पुस्तिका काढतोय, इतिहासाचे मुद्दे एआयकडून घेतोय. 'खात्री किती टक्के ते लिही, माहीत नसेल तर तसं सांग' अशी सूचना दिली आहे. ९० च्या वरचं सरळ छापलं तर चालेल का?

वैशाली: नाही चालणार. तो आकडा कुठं मोजलेला नसतो. उत्तराचे शब्द जसे एकापुढं एक जुळतात, तसाच 'खात्री ९५%' हाही जुळलेला मजकूरच. करून बघा: दर वेळी नवी चॅट उघडून एकच प्रश्न पाचदा विचारा. कोल्हापूर संस्थानातल्या ५० टक्के राखीव जागांचा हुकूम कधीचा, हे मी विचारलं. पाचही वेळा १९०२ आलं, खात्री ९५. मग आमच्या गल्लीतल्या तालमीचं स्थापनेचं साल विचारलं, तर प्रत्येक वेळी निराळं साल आणि खात्री मात्र ८५-९०. टक्क्यावरून दोन्हींतला फरक कळला नसता, उत्तरं फाकली म्हणून कळला.

दिग्विजय: इतकं मोडीत काढू नका. ओपनएआयच्या २०२३ च्या जीपीटी-४ अहवालात आलेख आहे. मॉडेलचा भरवसा आणि उत्तर बरोबर निघण्याचं प्रमाण छान जुळतंय. म्हणजे त्याला आतून कळतं.

वैशाली: त्याच्या शेजारचा आलेखही बघा. माणसांच्या पसंतीनुसार पुढचं प्रशिक्षण दिल्यावर ती जुळणी बिघडली, आणि आपल्या हातात येतं ते हे प्रशिक्षण झालेलं मॉडेल. शिवाय तिथं बहुपर्यायी प्रश्नांत अ, ब, क, ड या पर्यायांना आत मिळालेली संभाव्यता मोजली होती. चॅटमध्ये लिहून दिलेला टक्का नव्हे.

संभाजी, उजळाईवाडी: एवढं कशाला? 'नक्की का?' म्हणायचं, लगेच उघडं पडतंय. पोरीनं शाहू महाराजांची जन्मतारीख विचारली, २६ जून १८७४ म्हणालं. 'नक्की का' म्हटल्यावर माफी मागून दुसरीच तारीख दिली. पकडलं की नाही!

वैशाली: अहो दादा, पहिलीच बरोबर होती! जोर लावला की ते आपल्या बाजूला झुकतं. 'माहीत नसेल तर सांग' या सूचनेचंही तसंच. 'नक्की सांगता येत नाही' हे वाढतं, पण बरोबर उत्तरांनाही ते चिकटतं.

दिग्विजय: आणि पाचही वेळा एकच चूक आली तर?

वैशाली: मग माझी युक्ती फसली. एखादी चूक सगळीकडे तशीच छापली गेली असेल तर ती न फाकता येणार. तालमीचं साल जुन्या नोंदवहीतूनच घ्या.

पेठकर: नोंदवही आमच्या आधीच्या खजिनदारांकडं आहे, उद्या जातो. पण शाहूकाळाचं पान पाचदा विचारून छापू का?

दिग्विजय: छापा की. मी तरी टक्का विचारणं सोडणार नाही. ६० म्हणालं तर तेवढं आधी तपासायला घेतो.

वैशाली: ते घ्या. पण ९० वालं न तपासता छापायला माझी हरकत कायम. शाहूकाळाचं पानही एकदा छापील पुस्तकाशी ताडून बघा.