खूप वाट बघून आलेली गोड बातमी नातेवाईकांना कशी सांगितलीत? (अनुभव धागा)

वाईकरीण: चौथा महिना लागलाय, आता घरच्या ग्रुपवर सांगायचंय, माहेर-सासर धरून सत्तरेक माणसं आहेत त्यात. मी लिहिलंय ते असं, "अखेर देवाने आमची हाक ऐकली, इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आमच्या घरी पाळणा हलणार." नवरा म्हणतो हे टाकलंस की फोन ठेवायला मिळणार नाही. आनंद तर सांगायचाय, पण मधलं काहीच नाही सांगायचं. तुम्ही कसं सांगितलंत, लिहा ना.

कृष्णाकाठ_सांगली: अभिनंदन गं! नवऱ्याचं ऐक. माझ्या नणंदेने अगदी असाच मेसेज टाकला होता, पहिला रिप्लाय अभिनंदन, दुसरा "काय केलं शेवटी?", तिसरा "जुळे का?" 'अखेर' आणि 'इतक्या वर्षांच्या' म्हटलं की अर्धी गोष्ट आपणच सांगितलेली असते, मग उरलेली लोक मागणारच. मी माझ्या वेळी एवढंच टाकलं, "आमच्या घरी श्रावणात पाळणा हलणार. आम्ही दोघं खूप आनंदात आहोत, तुमच्या आशीर्वादाचे मनापासून आभार. डोहाळजेवणाची तारीख आई कळवतील. फोनवर सध्या फार बोलत नाहीये, इथे लिहिलेलं सगळं वाचते." तारीख नाही दिली, महिनाच दिला, नाहीतर लोक मागे मोजत बसतात आणि शेवटी रोज सकाळी "झाली का?" आणि डोहाळजेवणाचं मुद्दाम घातलं, माणसांना काहीतरी विचारायचंच असतं, मग मेनू विचारतात.
अजून एक, ग्रुपपेक्षा भाजी मंडईत जास्त सांडतं. त्यामुळे नवरा, सासूबाई, माझी आई, सगळ्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "सगळं छान चाललंय, तुम्ही डोहाळजेवणाला या." सासूबाईंना दोनदा आठवण करावी लागली, तिसऱ्यांदा त्याच मला म्हणाल्या, पाठ झालंय माझं.

मिरजेची_मावशी: अरे वा खूप खूप अभिनंदन!! कुठल्या डॉक्टरांकडे होतीस बाळा? मिरजेत की कोल्हापूरला? माझ्या भाचीला पाहिजे होतं

वाईकरीण: मावशी 😄 धागाच त्यासाठी काढलाय. भाचीलाच मला मेसेज करायला सांगा, तिच्याशी बोलेन.

खटावचा_गडी: आमचं गाव लहान. बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवायचं असतंय, ते करायलाच पायजे, पण आशाताई दारात दोनदा दिसल्या की शेजारीण वळखती. मंडळींनी पहिल्याच दिवशी ताईंना सांगितलं, सासऱ्यांना पण अजून माहीत नाही, कार्ड घरी नको, उपकेंद्रातच द्या. ताईंनी शब्द पाळला. मग तिसरा संपल्यावर घरातल्या बायकांनीच चोरओटी भरली, बोभाटा केला नाही. जगाला पाचव्यात सांगितलं.

सुगरण_सातारा: पाचव्याच्या आधी सांगूच नये, दृष्ट लागते. आणि ऑफिसला तर शेवटपर्यंत नाही सांगितलं तरी चालतं, प्रसूती रजा काय आपोआप मिळते.

एमआयडीसी_कुपवाड: दृष्टीचं तुमचं तुम्हाला माहीत, पण रजा आपोआप नाही मिळत ताई, मी पगाराचंच काम बघते. पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे, त्यातले बाळंतपणाच्या आधी जास्तीत जास्त 8 घेता येतात, आणि त्याआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं पाहिजे. लेखी कळवावं लागतं. पण त्यात रजा कधीपासून आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर अपेक्षित तारीख, बास. दिवस कसे राहिले असा रकानाच नसतो. साहेबांनी विचारलं तर दाखल्याकडे बोट दाखवायचं.

अजून_वाटेवर: मी अजून वाट बघणाऱ्यांतली आहे. धाग्याचा विषय तो नाही, पण सांगते. सत्तर जणांसोबत ग्रुपवर कळलं की तिथेच टाळ्यांचे इमोजी टाकावे लागतात, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन... असो. माझ्या मैत्रिणीने आदल्या दिवशी मेसेज केला, फोन नाही केला, "तुला आधी सांगावंसं वाटलं, उत्तराची घाई नाही." 'तुझंही होईल बघ' हे लिहिलं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. दोन दिवसांनी मीच तिला फोन केला.

खटावचा_गडी: माझ्या बहिणीला असंच वेगळं कळवलं होतं तर ती रुसली, म्हणाली मला काय वेगळी काढताय. माणूस बघून ठरवायला लागतंय.

वाईकरीण: 'अखेर' काढलं. 'इतक्या वर्षांच्या'पण काढलं, जरा जिवावर आलं खरं. 'देवाने ऐकलं' ठेवते, त्यावर कुणी पत्ता मागत नाही 😄 महिना टाकते, तारीख नाही. फक्त धाकट्या जाऊबाईंचं डोक्यात आहे, त्यांची पण वाट बघणं चालू आहे आणि त्या या बहिणीसारख्याच रुसणाऱ्या. वेगळा मेसेज करू की नको, ते नवऱ्याशी बोलते आज.