मदत हवी आहे: 'मी गे आहे का?' ही शंका पाठ सोडत नाही

निनावी_प्रवासी: वय २६, पुरुष. पाच महिन्यांपूर्वी जिममध्ये एका मुलाकडे जरा जास्त वेळ बघितलं गेलं आणि डोक्यात आलं, 'मी गे तर नाही?' तेव्हापासून रोज तीन-चार तास यातच जातात. पुरुषांचे फोटो बघून शरीरात काही होतंय का तपासतो, मग मुलींचे बघतो. ऑनलाइन चाचण्याही देतो. 'स्ट्रेट' निकाल आला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. जिम सोडली. गे असण्यात मला काही वाईट वाटत नाही, फक्त नक्की उत्तर हवंय.

कोकणकडा: एवढा विचार येतोय म्हणजे आतून तसंच असणार. स्वीकार. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७ चा निकाल २०१८ मध्येच लागलाय.

रानपाखरू: मी गे आहे, म्हणून सांगतो. नववीत शेजारी बसणारा मुलगा मला आवडायचा. भीती होतीच, पण ती घरी कळेल याची. तो आला की छान वाटायचं, ते तपासून बघावं लागलं नाही. तू लिहिलंयस त्यात आवडणारं माणूसच दिसत नाही, नुसती परीक्षा दिसते.

काकडआरती: लग्न करून टाक, आपोआप जाईल.

मेधा_समुपदेशक: काकडआरती, कृपया हे नको. लग्न हीसुद्धा एक चाचणीच होईल, आणि त्यात दुसऱ्या मुलीचं आयुष्य अडकेल.

प्रवासी, हे मंत्रचळासारखं, म्हणजे ओसीडीसारखं वाटतंय. कुलूप दहादा ओढून बघणाऱ्याला कुलूप लागल्याची खात्री कधीच होत नाही, तसंच. शरीराकडे सतत लक्ष दिलं की तिथे काहीतरी जाणवतंच, भीतीनेही जाणवतं. त्यावरून आकर्षण ठरत नाही. माझ्याकडे एक लेस्बियन मुलगी यायची. 'मी खरं तर स्ट्रेट असले तर?' या शंकेने तिची झोप उडाली होती. तिला आम्ही उत्तर शोधायला लावलं नाही. आधी चाचणी अर्धा तास पुढे ढकलायची, मग दिवसभर, मग बंद. शंका आली की 'असेन किंवा नसेन' म्हणून हातातलं काम चालू ठेवायचं. पहिले दोन आठवडे तिची घालमेल वाढली, मग हळूहळू ओसरली. तू जिमला परत जाण्यापासून सुरुवात कर, पण ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन तपासणं थांबवायची थेरपी, येणाऱ्या थेरपिस्टसोबत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतात, त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. कुणी 'गेपणा घालवून देतो' म्हणालं तर तिथून उठून ये. पहिला फोन करायचा असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

रानपाखरू: पण मेधाताई, दोन्ही एकत्र असलं तर? मित्राला ओसीडीही होता आणि तो बायसेक्शुअलही निघाला.

मेधा_समुपदेशक: असू शकतं. म्हणून तो गे नाही असं मी म्हटलेलंच नाही. घालमेल शमली की आवडनिवड सावकाश कळते.

निनावी_प्रवासी: वाचून रडू आलं. पण ताई, तुमच्या अंदाजाने मी स्ट्रेटच ना? एकदाच सांगा.

मेधा_समुपदेशक: याचं उत्तर मी देणार नाही. तू आत्ता विचारलंस ना, तीही चाचणीच होती.