मदत हवी आहे: कॅश मिस तेवढेच, मग लिंक्ड लिस्ट दहापट संथ का?

रानवारा:
मशीन स्कायलेक. 64 बाइटचे नोड, एकूण 1 जीबी, 2 एमबीची ह्यूज पेजेस. नोड खेळातल्या पत्त्यांसारखे पिसून ठेवलेत. लिस्ट चालताना दर नोडला 90 नॅनोसेकंद लागतात. तेच नोड `a[idx[i]]` असे उलटसुलट वाचले तर साडेनऊ! मिस दोन्हीकडे जवळपास सारखेच. मग एकाच लूपमध्ये अनेक लिस्ट चालवून पाहिल्या:

```c
p0 = p0->next;
p1 = p1->next;
```

दोन लिस्टना दर नोडला 45, चारला 23, आठला साडेअकरा, दहाला साडेनऊ. सोळाला मात्र सव्वानऊच. रॅमच कमी पडतेय का?

अर्धा_बाइट:
सोपं आहे, पुढचा डेटा आधीच आणून ठेवणारा प्रीफेचर अ‍ॅरेला मदत करतो, लिस्टला करत नाही.

जुनं_खोड:
`idx` सरळ क्रमाने वाचला जातो, तिथे करतो. `a` चा क्रम पिसलेला आहे, तिथे तो काय ओळखणार? खरा फरक वेगळा आहे. `idx` मधले पुढचे पत्ते आधीच हातात असतात, म्हणून पहिला मिस परत यायच्या आत प्रोसेसर पुढचे मिस सोडून देतो. लिस्टमध्ये पुढचा पत्ता येणाऱ्या नोडच्याच पोटात असतो, त्यामुळे एका वेळी एकच मिस.

वाटेतल्या प्रत्येक कॅश लाइनला L1 पाशी एक एमएसएचआर, म्हणजे मिसची नोंद ठेवणारा कप्पा, अडकून राहतो. इंटेल त्याला लाइन फिल बफर म्हणते, आणि स्कायलेकमध्ये ते दर कोअरला 10 आहेत. 90 भागिले 10, म्हणजे 9. तुमची गाडी तिथेच अडली. रॅमचा दोष नाही: साडेनऊ नॅनोसेकंदांत 64 बाइट म्हणजे सेकंदाला सात जीबीही होत नाहीत.

ताळा करायचा तर प्रोसेसरचा काउंटर `l1d_pend_miss.pending` ला `l1d_pend_miss.pending_cycles` ने भागा. सरासरी किती मिस वाटेत होते ते कळेल.

तळघर:
माझंही असंच. नोडमधली चार फील्ड एकदम वाचतो, चार मिस एकाच वेळी सुटायला हवेत ना? वेग तसूभर वाढत नाही.

जुनं_खोड:
चारही एकाच लाइनीत असतील. पहिल्याने बफर घेतला की बाकीचे तिघे त्याच बफरवर वाट बघतात. मिस एकच झाला.

तळघर:
आणि दर नोडवर शेदीडशे इन्स्ट्रक्शनचं हॅशिंग करतो.

जुनं_खोड:
मग तर झालंच. स्कायलेकच्या रीऑर्डर बफरमध्ये, म्हणजे प्रोसेसरला एका वेळी दिसणाऱ्या कामांच्या रांगेत, 224 मायक्रो-ऑप मावतात. म्हणजे जेमतेम दोन फेऱ्या. पुढचे लोड प्रोसेसरला दिसतच नाहीत, बफर रिकामे पडून. आधी आठ-दहा नोडचे प्रीफेच सोडा, मग हॅशिंग करा. अर्थात पत्ते आधी माहीत असले तरच.

रानवारा:
सोळा लिस्टना भागाकार 9.7 आला, पटलं! पण आठ लिस्ट असतानाही `l1d_pend_miss.fb_full` शून्य नाही. आठ मिसनी दहा बफर कसे भरतील?

जुनं_खोड:
L1 चा प्रीफेचरही तेच बफर वापरतो. तो बंद करून बघा. माझा संशय तिथेच आहे, पण पैज लावणार नाही.