‘क’चा अनुप्रास आणि टाळी

“घोषणेत अनुप्रास घातला, तरी मुलांच्या तोंडी बसत नाही. असं का होतं?”

अनुप्रासाचं अक्षर टाळीवर पडायला हवं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ मोजून पाहा: प्रत्येक शब्द 4 मात्रांचा, म्हणून प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी बसते. इंदूरला आमच्या गणेशोत्सवात मुलांना आधी ‘कचरा काढा, कोपरा झाडा’ दिलं होतं. ‘क’ तीनदा येतो, तरी तिसऱ्या शब्दाशी सगळी अडखळायची. ‘कोपरा’ 5 मात्रांचा. पुढची टाळी उशिरा पडते, नाहीतर ‘प’ गिळला जातो. ‘कोपरा’ काढून ‘कोना’ घातलं (आमच्या घरात बोलतातही तसंच) आणि राजवाड्यापर्यंत लय एकदाही तुटली नाही. कागदावर तपासू नका. चालता चालता दहा वेळा मोठ्यानं म्हणा; जीभ अडेल तो शब्द बदला.