द्राक्षाच्या पानांचं मॉडेल अडलंय: फोटो आणखी काढायचे की मॉडेल मोठं घ्यायचं?

संकेत, निफाड
आम्ही तिघं मित्र पानाच्या फोटोवरून डाऊनी, भुरी, करपा की निरोगी हे सांगणारं मॉडेल करतोय. १६ बागा, प्रत्येकीचे २०० फोटो. १२ बागा ट्रेनिंगला, ४ तपासायला बाजूला ठेवल्यात. रेसनेट-१८ घेतलंय. ट्रेनिंगच्या फोटोंवर चूक २ टक्के, बाजूच्या चार बागांवर १९ टक्के. एक मित्र म्हणतो फोटो वाढवा, दुसरा म्हणतो मॉडेल वाढवा. फोटो म्हणजे पंधरा दिवस गाडी फिरवणं आलं. काय करावं?

प्रसाद, सिडको
यात वाद कसला? दोन्ही चुका मोठ्या आणि जवळजवळ असतील तर मॉडेल तोकडं. ट्रेनिंगची चूक बारीक आणि बाहेरची मोठी असेल तर डेटा तोकडा. तुमच्यात १७ टक्क्यांची दरी आहे. गाडीत पेट्रोल टाका आणि निघा.

तुषार, ओझर
कितव्या इपॉकला कर्व्ह सपाट झाला ते सांगा ना आधी. ३० वर थांबला असाल तर १०० पर्यंत चालवून बघा. आमच्याकडे एकदा नुसत्या तेवढ्यानेच काम झालं होतं.

मृणाल, गंगापूर रोड
तुषार, तू म्हणतोस तो कर्व्ह वेगळा. त्यात आडव्या अक्षावर वेळ असते, म्हणून ट्रेनिंग पुरतं झालं का एवढंच तो सांगतो. ट्रेनिंगवर २ टक्के आले म्हणजे ते झालेलं आहे. इथे आडव्या अक्षावर फोटोंची संख्या हवी.

आणि प्रसाद, तुझा नियम चुकीचा नाही, पण तू एका ठिपक्यावरून रेघ ओढतोयस. दरी आज किती आहे यापेक्षा फोटो दुप्पट केले की बाहेरची चूक किती उतरते हे महत्त्वाचं. संकेत, तपासणीच्या चार बागांना हात लावू नकोस. ट्रेनिंगचे १५०, ३००, ६००, १२००, २४०० असे गट कर आणि प्रत्येक गटावर मॉडेल कोऱ्यापासून शिकव. लहान गटाला तेवढेच इपॉक दिलेस तर त्याच्या वाट्याला पायऱ्या कमी येतात, तो अर्धकच्चा राहतो आणि कर्व्ह उगाच उताराचा दिसतो. म्हणून प्रत्येक गट चूक स्थिरावेपर्यंत चालव. लहान गट तीन-तीनदा वेगवेगळे उचलून सरासरी घे.

scikit-learn मधलं `learning_curve` वापरणार असशील तर एक खाचखळगा आहे. त्यात मुळात `shuffle=False` असतं. फोटो रोगानुसार फोल्डरमध्ये लावलेले असले की पहिले १५० सगळे डाऊनीचेच येतात.

संकेत, निफाड
दोन रात्री लागल्या. बाहेरच्या चार बागांवरची चूक अशी आली: १५० फोटोंवर ३८ टक्के, ३०० वर ३२, ६०० वर २६, १२०० वर २१, २४०० वर १९. ट्रेनिंगवरची चूक शून्यापासून चढत २ पर्यंत गेली. (पहिल्या रात्री शफलचाच घोळ झाला होता. १५० वर ७० टक्के चूक बघून घाम फुटला.)

ऋषी, पंचवटी
बघा, ६, ६, ५ आणि मग एकदम २. कर्व्ह बसला. आणखी २४०० फोटो काढलेत तरी एखादा टक्का मिळेल. पंधरा दिवसांचं पेट्रोल वाचवा आणि मॉडेल मोठं घ्या.

प्रसाद, सिडको
ऋषी, ट्रेनिंगवर चूक २ टक्के आहे. मॉडेलला हे फोटो जवळपास पाठ झालेत. पाठांतर जमतंय त्याला कपॅसिटी कमी कशी म्हणायची?

ऋषी, पंचवटी
पाठांतर जमलं म्हणून कपॅसिटी पुरली, हे जुन्या पुस्तकातलं. आधीच लाखो चित्रांवर शिकलेलं मोठं नेटवर्क घेतलं तर ट्रेनिंगची चूक आहे तिथेच राहूनही बाहेरची उतरते. त्याला खुणा आधीपासूनच चांगल्या कळतात. दरी डेटानेच बुजते असं कुठेही लिहिलेलं नाही.

मृणाल, गंगापूर रोड
ऋषीचं हे म्हणणं मला मान्य आहे, आणि हा कर्व्ह त्याबद्दल मुका आहे. तो एकाच मॉडेलचा आहे. दुसऱ्या मॉडेलचा कर्व्ह कुठून जाईल हे त्यावरून कळत नाही. रेसनेट-५० चालवायला एक रात्र लागते, तेव्हा वाद कशाला, चालवून बघ संकेत.

पण "कर्व्ह बसला" हे मात्र मला पटलेलं नाही. संकेत, १५० फोटोंच्या गटात बागा किती होत्या?

संकेत, निफाड
सगळ्या बाराच्या बारा. सरमिसळ करून उचलले ना.

मृणाल, गंगापूर रोड
तिथेच गोम आहे. पहिल्या ठिपक्यापासून बारा बागा आत आहेत. पुढे तू फक्त त्याच बागांची आणखी पानं टाकत गेलास. म्हणून हा कर्व्ह सांगतो ते एवढंच, की त्याच बारा बागांतून आणखी पानं आणून फारसा उपयोग नाही. नव्या बागेचं काय होईल याचा त्याला पत्ताच नाही. एका बागेत सगळी पानं एका वाणाची, एका वयाची, एकाच दिवशी, एकाच मोबाईलने काढलेली. दोनशे फोटो दिसायला दोनशे, पण त्यातली नवी माहिती पाच-दहा फोटोंइतकीच असायची.

आता असं कर. फोटो ६०० वरच धरून ठेव. एकदा ३ बागांतून २०० प्रमाणे, मग ६ बागांतून १०० प्रमाणे, मग १२ बागांतून ५० प्रमाणे. तीन बागांचा गट पाच वेळा तरी बदल, कारण कुठल्या तीन बागा हाती लागल्या यावर तो आकडा नाचेल.

वैभव, लासलगाव
माझा अनुभव सांगतो, विषय कांद्याचा आहे. प्रतवारीचं मॉडेल केलं होतं, फोटोवरून तीन प्रती. ट्रेनिंगवर २३ टक्के चूक, बाहेर २४. ५०० फोटोंपासूनच दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून सपाट. प्रसादच्या नियमाने मॉडेल तोकडं. मोठं घेतलं, तर ट्रेनिंग ९ वर आलं आणि बाहेर २४ चे २४! मग वैतागून १०० कांदे दोन अनुभवी माणसांना वेगवेगळे दाखवले. १८ कांद्यांवर त्यांचंच एकमत झालं नाही. ज्याची प्रत माणसाला ठरवता येत नाही ती मॉडेल कुठून ठरवणार? तेव्हा डेटा आणि मॉडेल सोडून लेबलंही तपासा एकदा.

प्रसाद, सिडको
तुझ्या कांद्याला माझा नियम लावू नकोस रे. :)

संकेत, निफाड
निकाल आले. ६०० फोटो धरून: ३ बागा ४१ टक्के, ६ बागा ३३, १२ बागा २६. तीन बागांचे पाच आकडे ३५ पासून ४९ पर्यंत नाचले.

रेसनेट-५० पण चालवलं, सगळ्या २४०० वर. १९ चे १७ झाले.

ऋषी, पंचवटी
दोन टक्के, तेही घरबसल्या एका रात्रीत.

मृणाल, गंगापूर रोड
आणि बागा दुप्पट केल्या तर ८ मग ७, एकही फोटो न वाढवता. ही रेघ अजून उतरतेय. डेटा हवा, पण तो बागांच्या हिशेबात. एकेका बागेतून दोनशे काढत बसायची गरज नाही. पन्नास काढ आणि पुढच्या बागेत जा.

ऋषीच्या दोन टक्क्यांबद्दल मात्र मी अजून काही बोलणार नाही. ८०० फोटोंमध्ये २ टक्के म्हणजे १६ फोटो. ते ८०० आलेत चार बागांतून आणि ट्रेनिंग एकदाच झालंय. तीन वेगळ्या सीडवर चालव, मग बघू. शिवाय चुका बागेनुसार मोजून दाखव, एकूण टक्केवारीत बरंच झाकून जातं.

संकेत, निफाड
मोजल्या. रेसनेट-१८ च्या ८०० पैकी १५२ चुका. त्यातल्या ९० एकाच बागेतल्या! उरलेल्या तीन बागांत मिळून ६२. रेसनेट-५० ने त्या ६२ च्या ४९ केल्या, पण त्या एका बागेत ९० च्या फक्त ८७.

ते ९० फोटो मोठे करून पाहिले. आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशी तिथे बोर्डो मारलं होतं. पानावर निळसर पांढरे थेंब वाळलेत आणि मॉडेल बहुतेकांना भुरी म्हणतंय. ट्रेनिंगच्या बारा बागांत फवारणीनंतर लगेच गेलेलो अशी बाग एकच आहे.

तुषार, ओझर
मग हे आधीच बघायचं ना. कर्व्हच्या नादात चार रात्री गेल्या. चुकलेले फोटो उघडले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं.

मृणाल, गंगापूर रोड
बोर्डोचं कळलं असतं, हे खरं. पण मग तू बोर्डोचे ५०० फोटो आणून थांबला असतास. बागा वाढवल्या की चूक उतरते हे बागांच्या कर्व्हनेच दाखवलं, आणि त्यात बोर्डो ही एकच भानगड असेल असं नाही. उद्या जाळीखालची बाग येईल, परवा कोणी संध्याकाळच्या उजेडात फोटो काढेल.

ऋषी, पंचवटी
त्या एका बागेमुळे १९ झालेत. बाकीच्या तीन धरल्या तर ६०० त ६२, म्हणजे १० टक्के, आणि मोठ्या मॉडेलने ८. तिथे मॉडेलनेच काम केलं की नाही? मी माझ्या मतावर आहे, दोन्ही करा, पण मॉडेल आधी.

मृणाल, गंगापूर रोड
सीड बदलूनही ८ टिकले तर मी मान्य करेन. चार बागांतली नावडती वगळून आकडा सांगणं मात्र मला चालणार नाही. पाचवी बाग तशीच निघाली तर?

आप्पा, दिंडोरी
पोरांनो, मला तुमचं गणित कळत नाही, बाग तीस वर्षं करतोय. भुरी राखेसारखी असते, बोर्डो निळसर असतो, कारण मोरचूद आणि चुना. वरून बघून नवशिक्याचीही गल्लत होते. आणि डाऊनीला वरून तेलकट डाग दिसतो, पण खात्री करायची तर पान उलटं करून खालचा पांढरा कापूस बघतात. तुमचे फोटो कुठल्या बाजूचे आहेत?

संकेत, निफाड
आप्पा, सगळे ३,२०० वरच्या बाजूचे. मागची बाजू आम्ही एकदाही काढली नाही.

मृणाल, गंगापूर रोड
मग डाऊनीपुरता फोटोही वाढवून उपयोग नाही आणि मॉडेलही. ज्या फोटोत कापूस नाहीच, त्यात तो शोधायचा कसा? संकेत, रविवारी दिंडोरीला जाणार आहेस ना? आठ नव्या बागा, प्रत्येकी पन्नास पानं, आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू. फवारणी कधी झाली तेही वहीत लिही.

संकेत, निफाड
रविवारी सकाळी सहाला निघतोय. आप्पा, तुमच्या बागेपासून सुरुवात केली तर चालेल का?

आप्पा, दिंडोरी
या. पण शनिवारी संध्याकाळी बोर्डो मारणार आहे.

संकेत, निफाड
मारा मारा, तेच हवंय.